नोंदणी फी भरली, आता जीएसटी मागताहेत: जुन्या नाण्यांच्या ‘खरेदीदारां’बद्दल

प्रश्न: वडिलांकडे वैष्णोदेवीची ५ रुपयांची दोन नाणी आणि ७८६ नंबरची १० रुपयांची एक नोट आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एका कंपनीने २१ लाख देतो म्हणून नोंदणीचे १,१५० रुपये घेतले. आता जीएसटीचे १४,५०० भरा म्हणतात. नाही भरले तर केस होईल अशी धमकी आहे. वडील भरायला निघालेत. काय करू?

उत्तर:

भरू नका. वडिलांचा फोन थोडा वेळ तुमच्या हातात घ्या, पण त्यातलं काही पुसू नका. गेलेल्या पैशांची तक्रार आजच करायची आहे. ती कशी करायची ते पुढे सांगतो. आधी हे प्रकरण नेमकं काय आहे ते समजून घ्या, कारण वडिलांना तुम्हालाच समजवावं लागणार आहे आणि ‘फसवणूक आहे’ एवढं म्हणून ते ऐकणार नाहीत.

मी अठ्ठावीस वर्षं जुनी नाणी आणि नोटा विकत घेतो, विकतो आणि लोकांना त्यांची किंमत सांगतो. या व्यवसायात पैसा कुठून कुठे जातो ते सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. वस्तू तुमची असेल तर पैसा माझ्याकडून तुमच्याकडे येतो. उलटा कधीच जात नाही. तुम्ही नाणं टेबलावर ठेवता, मी ते भिंगातून पाहतो, वजन करतो, भाव सांगतो. पटलं तर पैसे मोजून देतो, नाही पटलं तर तुम्ही नाणं उचलून निघून जाता. वस्तू मोठी असेल आणि लिलावात द्यायची ठरली, तर लिलाव करणारे आपलं कमिशन घेतात, पण ते वस्तू विकली गेल्यावर आणि विक्रीच्या रकमेतून वजा करून. दलाली सौदा झाल्यावर आणि सौद्यातूनच निघते, हे गुरांच्या बाजारात जितकं खरं आहे तितकंच नाण्यांच्या बाजारातही. विकणाऱ्याने आधी पैसे भरून नाव नोंदवायचं, असं काही या धंद्यात अस्तित्वातच नाही.

एक अपवाद सांगून ठेवतो, नाहीतर कोणी तरी त्याचं निमित्त करून तुम्हाला गोंधळात पाडेल. नाणं किंवा नोट अस्सल आहे का आणि तिची अवस्था कशी आहे हे तपासून, डबीत सीलबंद करून देणाऱ्या संस्था आहेत. त्याला ग्रेडिंग म्हणतात आणि त्याची फी आधी भरावी लागते. पण त्या संस्था तुमची वस्तू विकत घेत नाहीत, किंमत मिळवून देण्याचं वचन देत नाहीत आणि तुम्हाला फोन करून मागे लागत नाहीत. फी घेणारा आणि लाखोंनी विकत घेणारा एकच माणूस असेल, तर तो खरेदीदार नव्हे.

आता जीएसटीचं. घरातली वैयक्तिक वस्तू विकणाऱ्या सामान्य माणसाला जीएसटी लागत नाही. तो व्यापार करणाऱ्याने, नोंदणी क्रमांक घेतलेल्याने, सरकारला भरायचा असतो. कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर जीएसटी जमा होत नाही. यानंतर कदाचित टीडीएसचं नाव येईल. टीडीएस म्हणजे ‘उगमाशी कपात’. पैसे देणारा देतानाच त्यातून कापतो आणि उरलेले तुम्हाला देतो. जी रक्कम अजून मिळालीच नाही तिच्यावरचा टीडीएस आधी भरायला सांगणं या शब्दाच्या अर्थाच्याच विरुद्ध आहे. वडिलांशी बोलताना एवढं एकच वाक्य पुढे ठेवा: ‘बाबा, त्यांना २१ लाख द्यायचेच आहेत ना, मग १४,५०० त्यातूनच कापून घेऊ दे. आपल्याला वीस लाख पंच्याऐंशी हजार पाचशे चालतील.’ यावर समोरच्याचं ठरलेलं उत्तर असतं, ‘रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आधीच भरावं लागतं.’ असा नियम नाही. उलट रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याच विषयावर प्रसिद्धीपत्रक काढलं. बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीसाठी लोकांकडून शुल्क, कमिशन, कर मागितला जातो आहे, बँक असे व्यवहार करत नाही, असं कोणतंही शुल्क घेत नाही आणि कोणत्याही संस्थेला किंवा व्यक्तीला आपल्या वतीने ते घेण्याचा अधिकार दिलेला नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ते बँकेच्या संकेतस्थळावर आजही वाचता येतं. वडिलांना मराठी बातमीपेक्षा ते मूळ पत्रक दाखवा. त्यांच्याकडे आलेल्या पत्रावरही तेच बोधचिन्ह असणार, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून पाहू द्या.

मागच्या वर्षी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांची हकीकत तपशिलाने सांगतो, कारण तुमच्या वडिलांचा पुढचा आठवडा कसा जाईल ते त्यात दिसतं.

सरांनी फेसबुकवर एक व्हिडिओ पाहिला. खाली दिलेल्या क्रमांकावर त्यांनी दोन नाणी आणि तीन नोटांचे फोटो पाठवले. दहा मिनिटांत निरोप आला: एकूण किंमत १८ लाख ६० हजार. नोंदणी ८५० रुपये, आणि पैसे भरताच सरांच्या नावाचं, फोटोचं ‘विक्रेता ओळखपत्र’ आलं. दुसऱ्या दिवशी ‘आरबीआय एनओसी’चे ५,२०० झाले. तिसऱ्या दिवशी जीएसटीचे १८,६००, ‘हे परत मिळतील’ या आश्वासनासह. मग नोटांच्या गड्ड्यांनी भरलेल्या बॅगेचा फोटो आला. गाडी निघाली, पण रोकड आहे म्हणून गाडीला जीपीएस कुलूप लागेल, त्याचे १२,५००. पुढे रकमेच्या विम्याचे २४,९९९. आठव्या दिवशी ‘ड्रायव्हर’चा घाबरलेला फोन आला, पोलिसांनी नाक्यावर गाडी अडवली, सोडवायला ३५,००० हवेत, नाहीतर तुमचंही नाव येईल. सरांनी तेही पाठवले. एकूण ९७,१४९ रुपये गेले. नवव्या दिवशी ४२,००० ची नवी मागणी आली, तेव्हा त्यांच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं, म्हणून घरातलं जुनं काही विकावं या हेतूने ते माझ्याकडे आले. फसलोय म्हणून नव्हे, तर शेवटचा हप्ता भरायचा म्हणून.

यातल्या रकमा नीट पाहा. पहिली रक्कम इतकी लहान आहे की माणूस फारसा विचार करत नाही. ती फी कमाईसाठी नसतेच, ती चाळणी असते. हजार लोकांना निरोप गेले आणि त्यातल्या ज्यांनी आठशे-हजार भरले, ते विश्वास ठेवणारे, यूपीआय चालवता येणारे आणि घरात न विचारता पैसे पाठवणारे आहेत एवढं त्यांना कळतं. खरा वेळ मग अशाच माणसांवर खर्च केला जातो. त्यानंतरची प्रत्येक रक्कम आधीच्या रकमेवर उभी असते. ‘सहा हजार गेलेत, आता थांबलो तर तेही बुडाले’ हा हिशोब माणूस स्वतःच करतो, त्यांना काही सांगावं लागत नाही. आणि शेवटी लोभाची जागा भीती घेते. तुमच्या प्रकरणात धमकी दुसऱ्याच मागणीला आली आहे, म्हणजे वडिलांनी बहुधा थोडी का-कू केली असावी. हे चांगलं लक्षण आहे.

सरांच्या पिशवीतली पुढची गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. ज्या दोन नाण्यांना साडेअठरा लाखांत मोजलं होतं, ती २ रुपयांची, मागे भारताचा नकाशा असलेली, नव्वदच्या दशकातली होती. चलनात झिजलेल्या अशा नाण्याची किंमत दोन रुपये. पण त्याच पिशवीत तळाशी पंचम जॉर्जचा १९१८ चा चांदीचा रुपया होता. सरांनी नंतर त्याचाही फोटो पाठवला होता. त्याबद्दल तिकडून एक शब्द आला नव्हता. तो रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यातली चांदी सुमारे ९१.७ टक्के, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. दुर्मीळ नाही, पण त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने त्याला खरी किंमत होती. नाणी ओळखणाऱ्या कोणाच्याही नजरेतून तो सुटला नसता. त्यांच्या नजरेतून सुटला, कारण त्यांनी फोटो पाहिलेच नव्हते. त्यांना तुमच्याकडे काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

तुमच्या वडिलांच्या वस्तूंचंही तसंच आहे, म्हणून त्यांच्याबद्दल मला ठाऊक आहे ते सांगतो. वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं भारत सरकारने देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढलं. त्यावर २०१२ हे साल आहे. त्याच निमित्ताचं १० रुपयांचंही नाणं आहे. ही नाणी सर्वसामान्य चलनासाठी, मोठ्या संख्येने पाडली गेली. आजही ती दुकानात पाच रुपयांना चालतात. ज्याला देवीचं नाणं देव्हाऱ्यात ठेवायचं असेल तो हौसेने चार पैसे जास्त देईल. बाजार तिथेच संपतो.

७८६ ची नोट जरा वेगळी, कारण तिला खरोखर थोडी मागणी असते. पण ती किती दुर्मीळ आहे याचा हिशोब घरी बसून करता येतो. आपल्या नोटेवर आधी अक्षर-अंकांचा उपसर्ग असतो आणि पुढे सहा आकडी क्रमांक. एका उपसर्गाखाली साधारण दहा लाख नोटा होतात. या दहा लाखांत शेवटी ७८६ येणाऱ्या नोटा किती? दर हजारात एक, म्हणजे एक हजार. क्रमांकात कुठेही सलग ७८६ चालत असेल तर तो चार जागी बसू शकतो, म्हणजे जवळजवळ चार हजार नोटा. हे एका उपसर्गाचं झालं. असे उपसर्ग शेकड्यांनी असतात, आणि ते प्रत्येक मूल्याच्या नोटेला. तेव्हा अशा नोटा देशात लाखांनी आहेत. कोरी करकरीत असेल तर एखादा संग्राहक दर्शनी किमतीपेक्षा काही जास्त देतो. ७८६७८६ असा पूर्ण क्रमांक दहा लाखांत एकच येतो, त्याला म्हणून बरा भाव मिळतो. वडिलांच्या खिशात घडी पडलेली नोट असेल तर ती दहा रुपयांची नोट आहे.

मग हे लाखांचे आकडे येतात कुठून? विक्रीच्या संकेतस्थळांवर कोणीही कोणत्याही नाण्याला कितीही किंमत लिहू शकतो. दोन रुपयांच्या नाण्यापुढे पाच लाख लिहायला पैसे पडत नाहीत. कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढतो, त्याची बातमी होते, बातमीचा व्हिडिओ होतो. ती मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे. मिळालेली किंमत पाहायची तर लिलाव संपल्यावर लिलाव करणारे जे निकाल प्रसिद्ध करतात त्यात पाहावी. तिथे मोठे आकडे खरेच दिसतात, पण ते कशासाठी? सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या चांदीच्या रुपयासारख्या नाण्यासाठी, जो फार थोडा उरला आहे. आणि तो इतका हवाहवासा आहे की त्याच्या नकलाही निघाल्या. म्हणून तसा रुपया कोणी आणला तर मी आधी वजन, मग कड, मग सालाच्या आकड्यांभोवतीचा सपाट भाग भिंगाखाली पाहतो, आणि तरीही शंका उरली तर भाव सांगत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून दहा मिनिटांत लाखांचा भाव सांगणारा माणूस नाणी घेत नसतो. मला फोटो पाठवणाऱ्याला मी उलट प्रश्न विचारतो: दोन्ही बाजू दाखवा, कड दाखवा, वजन किती भरतं, सालाखाली टांकसाळीची कोणती खूण आहे? मुंबईची पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला खूणच नाही. या खुणांवरून एकाच सालच्या नाण्याचा भाव बदलू शकतो. तुमच्या वडिलांना त्यांनी यातलं काही विचारलं होतं का, एवढं त्यांनाच विचारा. उत्तर ते स्वतः देतील आणि मला वाटतं तिथेच त्यांच्या मनातला पहिला धागा सुटेल.

एका दुसऱ्या प्रकाराबद्दलही बोलतो, कारण नाण्यांच्या फसवणुकीत एकदा नाव गेलं की पुढे याचेही फोन येतात. रामदरबार किंवा हनुमान कोरलेलं, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल असलेलं तांब्याचं नाणं कोट्यवधींना जातं, ते तांदळाचे दाणे ओढून घेतं, असं सांगतात. कंपनीने असली नाणी कधी काढली नाहीत. ते अलीकडे बनवलेले बिल्ले आहेत. इथेही ‘तपासणीच्या खर्चा’साठी आधी पैसे मागतात, आणि इथल्या रकमा हजारांत नसून लाखांत असतात.

आता धमकीबद्दल. जुनी नाणी किंवा नोटा जवळ बाळगणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा नाही. व्यवहार मधेच सोडून देणं हाही गुन्हा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं अटक वॉरंट, पोलिसाच्या वेशातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल, ‘डिजिटल अटक’ यातलं काहीच कायद्यात नाही, आणि पोलीस असे फोन करून यूपीआयने पैसे मागत नाहीत. कायद्याच्या खऱ्या मर्यादा मुख्यतः तीन, त्या तुम्हाला लागू होत नाहीत, पण माहीत असाव्यात. २०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या जुन्या नोटा दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, ते परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही. आणि जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वैष्णोदेवीचं नाणं यातल्या कशातच बसत नाही.

तक्रार कशी करायची ते आता सांगतो. १९३० हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक आहे, तो आत्ता लावा. लागला नाही तर पुन्हा लावा आणि तोवर cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. दोन्हीकडे तुम्हाला व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक विचारतील. तो पैसे पाठवलेल्या अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. शिवाय पैसे गेले तो यूपीआय पत्ता, तारीख-वेळ, त्यांचे फोन क्रमांक आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट हवेत. म्हणून सुरुवातीला म्हटलं, काही पुसू नका. आधी संपूर्ण संभाषण जतन करून घ्या, मग क्रमांक ब्लॉक करा. तक्रार केल्याचं त्यांना सांगू नका, त्याने फक्त खातं लवकर रिकामं होतं. तक्रार क्रमांक मिळाला की तो घेऊन बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या.

घाई का, ते सरांच्या प्रकरणात दिसलं. आम्ही दोघांनी माझ्या दुकानातूनच १९३० लावला. आधीच्या रकमा वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत जाऊन तिथून केव्हाच पुढे काढल्या गेल्या होत्या. आदल्या संध्याकाळी पाठवलेल्या ३५,००० पैकी मात्र २१,४०० एका खात्यात सापडले आणि तिथेच रोखले गेले. ते परत मिळायला न्यायालयाचा आदेश लागला आणि काही महिने गेले, पण मिळाले. बाकी गेले ते गेले. इथे एक गैरसमज दूर करतो. ‘बँक भरपाई देते’ असं तुम्ही ऐकलं असेल. रिझर्व्ह बँकेचं ते संरक्षण आपल्या नकळत, आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. आपणच पिन टाकून पाठवलेल्या पैशांना ते सहसा लागू होत नाही. १,१५० रुपयांसाठी कशाला तक्रार, असंही वाटेल. तरी करा. त्या खात्यावर अशा तक्रारी जमत गेल्या की ते गोठू शकतं, आणि तुमचं नाव तक्रारदार म्हणून आधीच नोंदलेलं असतं. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व लगेच सांगतो.

वडिलांनी नोंदणीच्या वेळी काय काय पाठवलं ते शांतपणे विचारा. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, रद्द केलेला धनादेश, सेल्फी, हे बहुतेक सगळे पाठवतात, कारण ‘पैसे जमा करायला लागेल’ असं सांगितलेलं असतं. आधार पाठवलं असेल तर आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा आणि पुढचे काही महिने वडिलांच्या नावावर एखादं कर्ज निघालंय का हे क्रेडिट अहवालात पाहत राहा. फोनचा पडदा दुसऱ्याला दिसेल असं एखादं अ‍ॅप त्यांनी घ्यायला लावलं असेल, तर इंटरनेट बंद करून ते काढून टाका आणि बँकेचे पासवर्ड व पिन दुसऱ्या फोनवरून बदला.

सगळ्यात जास्त सावध राहायचं ते पुढच्या गोष्टीबद्दल. विश्वास बसावा म्हणून ते कधी कधी खरोखर पैसे पाठवतात. ‘टोकन म्हणून ५,००० टाकलेत, बघा’. खात्यात पाच हजार दिसतात. हे पैसे त्यांचे नसतात, तुमच्यासारख्याच दुसऱ्या कोणाच्या तरी वडिलांनी भरलेले असतात. मग त्यातले चार हजार ‘चुकून जास्त आले’ म्हणून तिसऱ्याच खात्यात पाठवायला सांगतात. त्या क्षणी तुमचं खातं चोरीच्या पैशाच्या वाटेवरचा एक मुक्काम होतं. त्या दुसऱ्या माणसाने तक्रार केली की गोठतं ते तुमचं पेन्शनचं खातं. म्हणून वडिलांच्या खात्यात अनोळखी नावाने काही जमा झालं असेल तर ते खर्च करू नका, पुढे पाठवू नका, ताबडतोब बँकेला लेखी कळवा आणि तक्रारीत नमूद करा. आधीच केलेली तक्रार अशा वेळी ढालीसारखी उपयोगी पडते.

आणि काही आठवड्यांनी एक गोड आवाजाचा फोन येईल, ‘तुमचे अडकलेले पैसे परत मिळवून देतो, आम्ही सायबर विभागातून बोलतोय, फाइलचे फक्त २,००० भरा.’ ही तीच टोळी किंवा त्यांच्याकडून तुमच्या वडिलांचा क्रमांक विकत घेतलेली दुसरी टोळी असते. सरांना असे तीन फोन आले.

वडिलांशी बोलताना त्यांना मूर्ख ठरवू नका, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, स्वतः हिशोब तपासणारे लोकही असतात. बहुतेकांना पैशाचा हव्यास नसतो. घरातल्या जुन्या डब्यात काहीतरी मौल्यवान असेल, मुलांच्या कामी येईल, असं वाटत असतं. चिडून बोललात तर ते पुढचा हप्ता तुमच्यापासून लपवून भरतील. सरांच्या घरी नेमकं तेच झालं होतं, मुलगा ८५० वरूनच ओरडला आणि नंतरचे सगळे व्यवहार चोरून झाले. वडिलांना माझ्यासारख्या कोणाकडे तरी घेऊन जा, ज्याचं दुकान रस्त्यावर आहे आणि जो वस्तू हातात घेऊन बोलतो. शहरांमध्ये नाणेसंग्राहकांची प्रदर्शनं भरतात, तिथे एकाच दिवसात दहा विक्रेत्यांना तीच वस्तू दाखवता येते आणि दहाही जण साधारण एकच आकडा सांगतात. त्या आकड्यावर वडिलांचा विश्वास बसेल, माझ्या किंवा तुमच्या बोलण्यापेक्षा जास्त.

जाताना त्या दोन नाण्यांसोबत घरातला सगळा जुना डबा न्या. आपल्याकडे कित्येक घरांत तांब्याची शिवराई निघते. बहुतेक शिवराया शे-दोनशेच्या घरातल्या असतात, पण अक्षरांच्या वळणाप्रमाणे आणि ठशाप्रमाणे भाव बदलतो, म्हणून पाहिलेलं बरं. तोवर काहीही घासू नका. चिंच, राख, पितांबरी, टूथपेस्ट, काहीच नको. तांब्यावर बसलेला काळसर-हिरवट थर आम्ही आधी पाहतो, आणि चकचकीत केलेली शिवराई आणली की निम्म्याहून जास्त किंमत टेबलावर ठेवण्याआधीच गेलेली असते.